ब्रॉडकास्ट लिस्ट डिलीट करतोय, गिऱ्हाइकांना मेल जाणार आहे. मजकूर बघून सांगा

पेठेतला_दुकानदार

मंडळी, सांगलीत गणपती पेठेत आमचं मसाल्याचं दुकान आहे. हळद, कांदा-लसूण चटणी, बेदाणा, भडंग. गिऱ्हाईक निम्मं गावातलं, निम्मं पुण्या-मुंबईला गेलेलं, त्यांना कुरिअरनं माल जातो. नवी हळद आली, मिरची उतरली, की ब्रॉडकास्टवर निरोप टाकायचा, हे काम माझा पुतण्या बघायचा. एका लिस्टमध्ये 256 च्या वर माणसं बसत नाहीत म्हणून त्यानं तीन लिस्टा केल्या होत्या. सिम त्याच्या नावावर, फोन त्याचा.

आता तो पुण्यात स्वतःचा धंदा सुरू करतोय. भांडण काही नाही. पण नंबर त्याच्याबरोबर जाणार, म्हणून लिस्टा डिलीट करायच्या आणि दुकानाचा वेगळा नंबर घ्यायचा असं ठरलं. नव्या नंबरवरनं ब्रॉडकास्ट करून बघितला तर कुणालाच गेला नाही. समोरच्यानं आपला नंबर सेव्ह केलेला असल्याशिवाय तो पोचतच नाही. म्हणून ज्यांचे मेल पत्ते बिलावर आहेत (400 च्या आसपास) त्यांना मेल करायचा आहे. मजकूर असा लिहिलाय:

> विषय: महत्त्वाची सूचना
>
> सन्माननीय ग्राहक, सविनय कळविण्यात येते की आमच्या दुकानाची व्हॉट्सॲप ब्रॉडकास्ट लिस्ट दि. 31 रोजी कायमस्वरूपी डिलीट करण्यात येणार आहे. तरी ज्या ग्राहकांना यादीतून आपले नाव कमी करावयाचे असेल त्यांनी दि. 30 पूर्वी या मेलला उत्तर देऊन कळवावे. न कळविल्यास आपली संमती गृहीत धरण्यात येईल. कळावे, लोभ असावा.

काही कमी-जास्त असेल तर सांगा.

कृष्णाकाठचा_बाळू

नाना, एवढा व्याप कशाला? ज्याला नको तो तुमचा नंबर आपल्या फोनमधनं उडवेल, मेसेज यायचा बंद. तुम्हीच वर लिहिलंय की सेव्ह नसेल तर पोचत नाही म्हणून. आणि मेल एकच करा, सगळ्यांचे पत्ते एकदम टाकून. आमच्या सोसायटीचे मेल मी असेच पाठवतो.

माहेरवाशीण_कोथरूड

मी असल्याच एका दुकानाची गिऱ्हाईक आहे, तुमचीही असेन कदाचित. मला हा मेल आला तर माझा पहिला प्रश्न: लिस्ट 31 ला डिलीटच होणार आहे, तर 30 च्या आत मी नाव कशातून काढून घेऊ? आणि नाही कळवलं तर माझी संमती कशाला? डिलीट करायला?

दुसरं म्हणजे "महत्त्वाची सूचना" असा विषय बघितला की मी मेल उघडत नाही. वीजबिलाच्या नावानं फसवणारेपण हेच लिहितात.

साताऱ्याचे_अण्णा

आमच्याकडं हेच झालं होतं. पेढ्याचं दुकान, दिवाळीच्या ऑर्डरी घ्यायला म्हणून सगळ्या गिऱ्हाइकांचा ग्रुप केला. आठवड्यात एका दुसऱ्या दुकानदारानं, नाव घेत नाही, त्याच ग्रुपमधनं नंबर उचलले आणि आमच्या गिऱ्हाइकांना थेट भाव पाठवायला लागला. शेवटी एकेकाला काढून ग्रुप मोडला. तुम्हीपण आधी सगळ्यांना रिमूव्ह करा आणि शेवटी ॲडमिननं बाहेर पडायचं. नुसतं डिलीट केलं तर ग्रुप चालूच राहतो बरं का.

मिरजकरीण

अण्णा, तुमचं ग्रुपबद्दल बरोबर आहे, पण नानांचा ग्रुप नाही, ब्रॉडकास्ट आहे. तिथं गिऱ्हाइकाला बाकीचे कोण आहेत ते दिसत नाही. आपण लिस्टमध्ये आहोत हेसुद्धा त्याला कळत नाही, त्याला दुकानाचा साधा मेसेज आल्यासारखाच दिसतो. त्यामुळं "आमची ब्रॉडकास्ट लिस्ट डिलीट होतेय" हे वाक्य गिऱ्हाइकाला काहीच सांगत नाही. त्यानं ती लिस्ट कधी बघितलेलीच नाही.

मी मिरज-सांगलीतल्या दुकानांना बिलिंगचं सॉफ्टवेअर बसवून देते, त्यामुळं गिऱ्हाइकांच्या नोंदी कुठंकुठं सांडलेल्या असतात ते रोज बघते. नाना, मेल लिहायच्या आधी एक तपासा. पुतण्याच्या फोनमध्ये ही माणसं सेव्ह कशी केलीत, आणि कुठल्या गूगल खात्यात?

पेठेतला_दुकानदार

आत्ताच फोन करून विचारलं. "गि. कोथरूड हळद 5 कि." अशा नावानं सेव्ह आहेत, त्याच्याच जीमेलवर. शिवाय एक एक्सेल आहे, गेल्या वर्षी बिलबुकांवरनं उतरवून काढलेलं. ते दुकानाच्या कॉम्प्युटरवर आहे आणि त्याच्याकडंपण आहे.

मिरजकरीण

हेच म्हणत होते. ब्रॉडकास्ट लिस्ट म्हणजे नुसती मोळी बांधलेली सुतळी आहे. सुतळी कापली तरी लाकडं जिथल्या तिथं. लिस्टवर बोट दाबून धरून डिलीट केलं की लिस्ट जाते, पण चार ठिकाणी माणसं तशीच राहतात.

पहिलं ठिकाण, फोनमधले कॉन्टॅक्ट. ते पुतण्याच्या गूगल खात्यात सिंक झालेत, म्हणजे उद्या त्यानं नवा फोन घेतला तरी "गि. कोथरूड हळद" तिथं हजर. तिथून काढले तरी 30 दिवस ट्रॅशमध्ये पडून असतात, तिथूनही काढायला लागतात. दुसरं, एकेकाशी झालेलं चॅट. ब्रॉडकास्टचा प्रत्येक मेसेज त्या त्या माणसाच्या चॅटमध्ये वेगळा उमटलेला असतो, तो लिस्टबरोबर जात नाही. तिसरं, बॅकअप. आज लिस्टा उडवल्या आणि पुढच्या आठवड्यात फोन बिघडून जुना बॅकअप चढवला, तर लिस्टा परत उगवतात. म्हणून डिलीट केल्यावर लगेच हातानं नवा बॅकअप घ्यायचा, म्हणजे ड्राइव्हवरचा जुना पुसला जातो. आणि चौथं ते एक्सेल, ज्यात सगळ्यात जास्त माहिती आहे आणि ज्याच्याबद्दल मेलमध्ये एक शब्द नाही.

तुम्ही "कायमस्वरूपी डिलीट" लिहिलंय. या चार जागा साफ झाल्याशिवाय ते खरं होत नाही. एखाद्या गिऱ्हाइकाला सहा महिन्यांनी पुतण्याच्या नव्या धंद्याचा मेसेज आला तर तो तुमचा हाच मेल काढून दाखवेल.

बाळू, तुमचं अर्धं बरोबर. नंबर उडवला की मेसेज यायचा थांबतो, पण नाव लिस्टमध्ये राहतं. पुढच्या वर्षी त्याच माणसानं हळद मागवायला नंबर परत सेव्ह केला की मेसेज पुन्हा सुरू. त्यानं कधी "नको" म्हटलेलं दुकानाला कळलेलंच नसतं.

आणि सगळे पत्ते उघडे टाकून मेल मुळीच करू नका. 400 लोकांना एकमेकांचे पत्ते दिसतील, अण्णांच्या ग्रुपसारखंच होईल. पत्ते `Bcc` मध्ये घालायचे, `To` मध्ये आपला स्वतःचा पत्ता. साध्या जीमेलवरनं दिवसाला 500 पत्त्यांपर्यंत मेल जातो, तरी मी दोन-तीन दिवसांत वाटून पाठवीन. एकदम 400 गेले की स्पॅममध्ये पडायची शक्यता वाढते, आणि उत्तरं एकदम आली की हाताळायला माणूस लागतो.

कृष्णाकाठचा_बाळू

बरं बरं, सोसायटीचे मेल आता मीपण `Bcc` नं करीन. पण मग कायद्याचं बघा. नवीन डेटा कायदा आलाय. परवानगीशिवाय मेसेज केला की 250 कोटी दंड. मी तर म्हणतो नाना, काहीच पाठवू नका.

काळा_कोट_विश्रामबाग

250 कोटी वाचून मसाल्याचं दुकान बंद करू नका. डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण कायदा 2023 चा आहे. त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित झाले आणि दुकानदारावर येणाऱ्या मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर 18 महिन्यांनी, म्हणजे मे 2027 मध्ये लागू होतात. 250 कोटी ही कमाल मर्यादा आहे, तीही माहिती नीट सांभाळली नाही म्हणून ती फुटली तर. ब्रॉडकास्ट टाकला म्हणून नव्हे.

नानांच्या कामाची दोन कलमं आहेत. कलम 5 मध्ये म्हटलंय की कायदा लागू होण्याआधी संमती घेतलेली असेल, तर नंतर शक्य तितक्या लवकर माणसाला कळवायचं की तुमची कोणती माहिती, कशासाठी वापरतोय आणि नको असेल तर काय करायचं. एवढं कळवलं की तो नको म्हणेपर्यंत वापर चालू ठेवता येतो. आणि कलम 6: संमती देणं जितकं सोपं होतं तितकंच ती काढून घेणंही सोपं पाहिजे. बिलाच्या वेळी तोंडानं नंबर सांगितला असेल, तर काढून घ्यायला फॉर्म, सही, आधारची झेरॉक्स असलं काही मागता येणार नाही.

पण "न कळविल्यास संमती गृहीत धरण्यात येईल" हे वाक्य काढा. गप्प बसणं म्हणजे होकार, ही या कायद्याची संमती नाही.

पेठेतला_दुकानदार

वकीलसाहेब, वरच्या परिच्छेदात म्हणता नको म्हणेपर्यंत चालू ठेवता येतं, खालच्या परिच्छेदात म्हणता गप्प बसणं म्हणजे होकार नाही. नेमकं धरायचं काय?

काळा_कोट_विश्रामबाग

प्रश्न रास्त आहे. आधी खरी संमती होती का, यावर अवलंबून. गिऱ्हाइकानं स्वतःहून म्हटलं असेल की "नवी हळद आली की कळवा", तर ती संमती, ती पुढं चालते. पण त्या एक्सेलमधले नंबर बिलबुकावरनं उतरवलेत. बिलावर नंबर दिला तो कुरिअरवाल्यानं फोन करावा म्हणून. त्यांनी होकार दिलेलाच नाही, मग तो चालू काय ठेवणार?

पेठेतला_दुकानदार

आता कोण कळवा म्हणालं होतं आणि कुणाचा नंबर बिलावरनं घेतला हे वेगळं सांगता यायचं नाही. पुतण्याला विचारलं, तो म्हणाला काका, सगळं एकत्रच आहे.

एक अडचण आणखी. सगळं पुसायचं म्हणता, पण जीएसटीसाठी बिलं ठेवायला लागतात. वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून 72 महिने. मग नंबर पुसणार कसे?

मिरजकरीण

बिलं ठेवायची, त्याला पर्याय नाही. पण जीएसटीला गिऱ्हाइकाचा मोबाइल नंबर लागत नाही. नोंदणी नसलेलं साधं गिऱ्हाईक आणि बिल 50,000 च्या आतलं, तर नाव-पत्तासुद्धा सक्तीचा नाही. तुमच्या दोन किलो हळदीच्या बिलावर नंबर आहे तो तुमच्या सोयीचा. छापील बिलबुकात गेला तो गेला, तिथं खाडाखोड करू नका. मात्र ते बुक हिशेबाच्या कपाटात ठेवायचं, त्यावरनं परत कुणी यादी उतरवायची नाही. मेलमध्ये हे सरळ लिहा. लोकांना कळतं.

उलट एक नोंद मुद्दाम ठेवायला लागते, ती म्हणजे "नको" म्हणालेल्यांची. ऐकायला उलटं वाटेल. पण एका दुकानात बघितलंय मी, गिऱ्हाइकानं नको म्हटलं म्हणून त्याची नोंद पूर्ण पुसली. दिवाळीला तो माल न्यायला आला, काउंटरवरच्या पोरानं सवयीनं नंबर विचारला, घातला, पाडव्याला त्याला ऑफरचा मेसेज. तो माणूस दुकानात येऊन तापला, आणि दुकानदाराला आठवेना की यानं आधी नको म्हटलं होतं. म्हणून बिलिंगमध्ये गिऱ्हाइकाच्या नावापुढं "निरोप नको" अशी खूण करायची. नाव कुरिअरपुरतं राहतं, निरोपाच्या यादीत येत नाही.

उत्तर कुठल्या पत्त्यावरनं येतं तेही बघा. वडिलांचा पत्ता यादीत आणि "नको" मुलाच्या मेलवरनं, असं हमखास होतं. "कुणाचं नाव काढायचं ते लिहा" एवढं मेलमध्ये असलं तर शोधाशोध वाचते.

माहेरवाशीण_कोथरूड

आणि लिंक देऊ नका. "नाव काढण्यासाठी इथे क्लिक करा" दिसलं की मी तरी करणार नाही. उत्तरात एक शब्द लिहायला सांगा, नाहीतर दुकानाचा लँडलाइन. तुमच्या हळदीच्या पिशवीवर लँडलाइन छापलेला असतो ना? मग मेलमध्ये लिहा की पिशवीवरचाच नंबर बघून फोन करा. पिशवी माझ्या डब्यात आहे, ती कुणी खोटी पाठवू शकत नाही.

पेठेतला_दुकानदार

हे मला सुचलंच नसतं, पिशवीचं. लँडलाइन वडिलांच्या वेळेपासून तोच आहे.

रात्री दुकान बंद केल्यावर परत लिहिलं. बघा:

> विषय: (दुकानाचं नाव), गणपती पेठ: तुमचा नंबर आम्ही यादीतून काढतोय
>
> नमस्कार. नवी हळद, चटणी आली की दुकानातून तुम्हाला व्हॉट्सॲपवर निरोप यायचा. तो ज्या नंबरवरून यायचा, तो 31 तारखेनंतर दुकानाचा राहणार नाही. त्यानंतर त्या नंबरवरून दुकानाच्या नावानं काही आलं तर ते आमचं नाही.
>
> निरोपासाठी केलेली नंबरांची यादी, फोनमधली नावं आणि कॉम्प्युटरवरची यादी आम्ही 31 ला पुसतोय. त्यासाठी तुम्हाला काहीही करायचं नाही. तुमचं जुनं बिल मात्र हिशेबासाठी ठेवावं लागतं, ते राहील. त्यावरचा नंबर निरोपासाठी वापरणार नाही.
>
> पुढंही निरोप हवा असेल तर या मेलला "हवा" लिहून कुठल्या नंबरवर ते कळवा, आणि दुकानाचा खाली दिलेला नवा नंबर सेव्ह करा. सेव्ह नसेल तर निरोप पोचत नाही. मेलसुद्धा नको असेल तर "नको" आणि कुणाचं नाव काढायचं ते लिहा. मेल करायचा नसेल तर दुकानाच्या पिशवीवर छापलेल्या लँडलाइनवर सांगा. आम्ही ओटीपी, पैसे किंवा कुठली लिंक उघडायला सांगणार नाही.
>
> नंतर कधीही विचार बदलला तरी याच पद्धतीनं कळवा.

काळा_कोट_विश्रामबाग

पहिल्यापेक्षा शंभर पटींनी बरा. "फोनमधली नावं पुसतोय" हे पुतण्या खरंच करणार असेल तरच लिहा. फोन त्याचा आहे, शब्द तुमचा जातोय.

साताऱ्याचे_अण्णा

पण नाना, "हवा" असं लिहून किती जण पाठवतील? माझा अनुभव सांगतो, लोक आळशी. आवडतं पण उत्तर देत नाहीत. सगळी यादी पुसलीत तर उन्हाळ्याच्या तिखटाच्या सिझनला निम्मं गिऱ्हाईक हातचं जाईल. मी असतो तर "नको" तेवढं विचारलं असतं आणि बाकी चालू ठेवलं असतं.

मिरजकरीण

अण्णा, चालू ठेवणार कशावर? नवा नंबर लोकांकडं सेव्ह नाही. तुम्ही हजार नावं नव्या लिस्टमध्ये घातलीत तरी पोचणार ज्यांनी सेव्ह केलाय त्यांनाच. आणि एकेकाला थेट मेसेज टाकत बसलात, तर अनोळखी नंबर म्हणून लोक ब्लॉक आणि रिपोर्ट करतात. तसे बरेच झाले की व्हॉट्सॲप नंबरच बंद करतं. नव्या नंबरला तर ते जास्त लागू. "हवा" म्हणणारे 80 जण आले तरी ते 80 जण वाचणारे असतील.

साताऱ्याचे_अण्णा

वाचणारे 80 आणि माल नेणारे 700, हिशेब माझ्या गळी उतरत नाही. मेलवर तरी चालू ठेवा.

काळा_कोट_विश्रामबाग

मेलवर ठेवायला माझी हरकत नाही, प्रत्येक मेलखाली "नको" ची ओळ असेल तर. मिरजकरीणबाईंचं मत वेगळं असेल.

मिरजकरीण

वेगळंच आहे. मी मेलच्या पत्त्यांनापण हाच न्याय लावीन. पण दुकान नानांचं.

पेठेतला_दुकानदार

मेलचं अजून ठरवत नाही. ही सूचना सगळ्यांना जाईल, उत्तरं येतील ती बघून पुढचं.

पुतण्याशी बोललो. रविवारी येतोय, दुकानात बसून फोन माझ्यासमोर साफ करू म्हणाला. एक्सेलची त्याच्याकडची प्रतपण. त्याचंच म्हणणं, त्याच्या कॉलेजचे आठ-दहा मित्र गिऱ्हाईक म्हणून सेव्ह आहेत, ते नंबर त्याचेच, ते राहू दे. ते ठीक. पण काही माणसं अशी आहेत की जी काउंटरवर माल घेता घेता त्याची दोस्त झाली. विट्याचे एक मास्तर त्याच्याशीच बोलतात, मला नुसता नमस्कार. तो नंबर कुणाचा धरायचा?

कृष्णाकाठचा_बाळू

ज्याच्या लग्नाला मास्तर जेवायला येतील त्याचा.

मिरजकरीण

बाळू, या वेळी जवळजवळ बरोबर. नाना, असे असतील त्यांना पुतण्यानं स्वतः फोन करून विचारावं, "नंबर माझ्याकडं ठेवू का" म्हणून. हो म्हणाले तर ठेवावा. मात्र दुकानातल्या नोंदीवरनं उचलू नये, मास्तरांनी नव्यानं द्यावा.

पेठेतला_दुकानदार

त्याला ते जरा लागेल. पण बोलून बघतो. मेल सोमवार-मंगळवारी दोन भागांत जाईल, `Bcc` मध्ये. डिलीट झाल्यावर बॅकअपचं बटन कुठं असतं तेवढं कुणीतरी सांगा, पुतण्या विसरला तर मला माहीत पाहिजे.

मिरजकरीण

सेटिंग्ज, मग चॅट्स, मग चॅट बॅकअप. तिथं बॅकअपचं हिरवं बटन आहे. आधी तिन्ही लिस्टा उडवायच्या, मग ते दाबायचं, आणि वरची तारीख-वेळ बदलली का बघायची.